पातं काढण्याआधी प्लगची वायर

गवत कापायच्या साध्या पेट्रोल यंत्रात, म्हणजे मागून ढकलत न्यायच्या लॉनमोअरमध्ये, पातं आणि इंजिन यांच्यामध्ये काहीच नसतं. क्लच नाही, गिअर नाही, पट्टाही नाही. इंजिनचा क्रँकशाफ्ट उभा खाली येतो, त्याच्या टोकावर लोखंडाचा एक जाड तुकडा बसतो त्याला अडॅप्टर म्हणतात, अडॅप्टरला पातं टेकतं आणि मधोमध एकच बोल्ट हे सगळं शाफ्टच्या टोकाशी आवळून धरतो. पिस्टन वरखाली झाला की पातं फिरतं. पातं हाताने फिरवलं की पिस्टन वरखाली होतो.

ही रचना स्वस्त आहे आणि टिकाऊही आहे. पण पातं धार लावायला काढायचं म्हटलं आणि तो मधला बोल्ट हलेना, की याच रचनेमुळे काम अवघड होतं आणि धोक्याचंही होतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये एप्रिल-मे महिन्यात गराजमधून हे यंत्र बाहेर निघतं आणि वर्षानुवर्षं न उघडलेला बोल्ट समोर येतो. आपल्याकडे क्लबांची मैदानं, मोठ्या सोसायट्या, महाविद्यालयांची आवारं इथे चालणाऱ्या पेट्रोल यंत्रांतही बहुतेक हीच मांडणी असते. बोल्ट कसा सोडवायचा हे पुढे येईलच. त्याआधी पाना हातात न घेता करायचं एक काम आहे.

बंद इंजिन आणि ठिणगी

या इंजिनला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. वरच्या फ्लायव्हीलच्या कडेला एक चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या शेजारी, अगदी थोडी फट ठेवून, एक कॉइल असते. चुंबक कॉइलसमोरून गेला की तिच्यात वीज तयार होते आणि ती जाड काळ्या वायरीतून स्पार्क प्लगपर्यंत जाते. सायकलच्या डायनामोला जसं फक्त चाक फिरणं पुरतं, तसं या कॉइलला फक्त फ्लायव्हील फिरणं पुरतं. ते दोरी ओढून फिरलं की खालून पातं ढकलल्यामुळे फिरलं, याने तिला काही फरक पडत नाही.

आता बोल्ट सोडवताना काय होतं ते पाहा. आपण पान्यावर जोर टाकतो तेव्हा तो जोर पात्यावर, शाफ्टवर आणि फ्लायव्हीलवर जातो. बोल्ट जाम असेल तर बोल्टऐवजी सगळा शाफ्टच फिरायला लागतो. पातं अडवलेला लाकडी ठोकळा निसटला तर तो एकदम झटक्याने फिरतो. सिलिंडरमध्ये मागच्या वापराची पेट्रोलची वाफ शिल्लक असेल आणि पिस्टन नेमका दाब देत वर येत असेल, तर एक ठिणगी पुरते. इंजिन पूर्ण चालू होण्याची गरज नसते. एका स्फोटाने पातं अर्धा फेरा जरी फिरलं, तरी त्याच्या आड आलेली बोटं राहत नाहीत.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की नवीन यंत्रांतल्या इलेक्ट्रॉनिक कॉइलला ठिणगी पाडायला बराच वेग लागतो, हाताने हळू फिरवून ती पडत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण जुन्या, पॉइंट असलेल्या इंजिनांना इतका वेग लागत नाही. शिवाय अडकलेला बोल्ट किंवा ठोकळा अचानक सुटतो तेव्हा शाफ्टला बसणारा झटका हा हळू फिरवणं नसतो. दुसरा आक्षेप असा, की दांड्यावरची कांडी सोडली की इंजिन बंदच होतं. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या अशा यंत्रांना नियमच आहे, की चालवणाऱ्याने कांडी सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. त्यासाठी बहुतेक यंत्रांत कांडी सोडताच फ्लायव्हीलवर ब्रेक बसतो आणि कॉइलची वीज एका बारीक वायरीतून जमिनीला, म्हणजे इंजिनच्या धातूला, जोडली जाते. पण ती बारीक वायर तुटलेली, गंजलेली किंवा सैल झालेली असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. ब्रेकसुद्धा फिरतं पातं थांबवण्यासाठी आहे. पान्याचा जोर अडवून धरण्यासाठी तो बनवलेला नाही.

म्हणून प्लगची जाड वायर आधी काढायची. ती ओढायची नाही, तिच्या टोकाची रबरी टोपी धरून थोडी पिळत काढायची. वायर नुसती काढून प्लगजवळ लोंबकळत ठेवणं पुरेसं नाही, कारण यंत्र कलंडवताना ती पुन्हा प्लगला टेकू शकते. ती बाजूला नेऊन दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवायची. काही इंजिनांवर वायरीचं टोक अडकवून ठेवायला धातूची छोटी पट्टी दिलेली असते, ती असेल तर तिथे अडकवायचं. बटनाने चालू होणाऱ्या यंत्राची चावी आणि बॅटरीही काढायची. निव्वळ बॅटरीवरच्या यंत्रात बॅटरी काढणं आणि वायरीच्या यंत्रात भिंतीतला प्लग उपसणं, हेच पहिलं काम.

वायर काढली की ठिणगीचा धोका संपतो. पण सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा उरतेच, आणि ती पातं थोडं मागे ढकलू शकते. धारेजवळ हात असेल तर तेवढंही कापायला पुरतं. म्हणून जाम बोल्टशी झुंजायचं असेल तर वायरीपाठोपाठ प्लगसुद्धा उघडून काढून ठेवावा. मग पिस्टन हवा दाबू शकत नाही, पातं दोन्ही दिशांना सैल फिरतं. प्लग काढण्याचा आणखी एक उपयोग पुढे दिसेल.

यंत्र कोणत्या कुशीवर

यंत्र आडवं करताना पेट्रोल आणि इंजिनातलं तेल दोन्ही वाहतात. पेट्रोलची टाकी आधी रिकामी करावी, आणि तीही उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. तेल राहू दिलं तरी चालतं, पण कार्ब्युरेटर आणि हवेचा फिल्टर असलेली बाजू आकाशाकडे राहिली पाहिजे. उलट्या कुशीवर टाकलं तर तेल फिल्टरमध्ये उतरतं, कागदी फिल्टर वाया जातो आणि पुढच्या वेळी इंजिन पांढऱ्या-निळसर धुराचे लोट सोडतं. काही यंत्रांच्या पुस्तिकेत पुढची बाजू उचलून, म्हणजे प्लग वर ठेवून मागे कलंडवायला सांगितलेलं असतं. आपल्या यंत्राची पुस्तिका असेल तर तिचंच ऐकावं.

आता पात्यावरचं वाळलेलं गवत लाकडी पट्टीने खरवडून काढा आणि बोल्टचं डोकं तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गवताचा रस आणि खताचे क्षार यांचा थर इथे वर्षानुवर्षं साचलेला असतो. पाना डोक्यावर पूर्ण खाली बसला नाही तर पुढचे सगळे प्रयत्न फुकट जातात.

बोल्ट का जाम होतो

गंज हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण बोल्टच्या आट्यांच्या दिशेतच आहे.

खालून, म्हणजे बोल्टच्या डोक्याकडून पाहिलं, तर या यंत्रांतलं पातं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. बोल्टचे आटे मात्र नेहमीचे, उजवे असतात, म्हणजे काट्यांच्या दिशेने फिरवलं की आवळतात. आता पातं झाडाच्या मुळावर किंवा दगडावर आपटलं असं समजा. पातं क्षणभर अडतं, शाफ्ट पुढे फिरतच राहतो. शाफ्टच्या तुलनेत पातं काट्यांच्या दिशेने सरकतं आणि जाताना वॉशरला आणि बोल्टच्या डोक्याला त्याच दिशेने ओढतं. ती आवळण्याचीच दिशा आहे. म्हणजे प्रत्येक धक्क्यानिशी बोल्ट थोडा आणखी आवळला जातो. ही रचना मुद्दामच अशी केलेली आहे, कारण उलट असतं तर एखाद्या धक्क्याने बोल्ट सुटून पातं उडालं असतं. कारखान्यात हा बोल्ट साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटर आवळतात. मुळं आणि दगड खाल्लेल्या यंत्रात काही वर्षांनी तो त्याहून कितीतरी घट्ट असू शकतो.

यातून एक सोपा नियम हाती येतो. पातं ज्या दिशेने गवत कापत फिरतं, त्याच दिशेने बोल्ट सुटतो. पात्याची धारदार कड पुढे असते, तिच्याकडे पाहून फिरण्याची दिशा ओळखता येते. एका पात्याच्या ढकलायच्या यंत्रात हे जवळपास नेहमी काट्यांच्या उलटच असतं. पण बसून चालवायच्या काही मोठ्या यंत्रांत दोन पाती एकमेकांच्या उलट फिरतात आणि त्यांतल्या एकाच्या बोल्टला डावे आटे असतात. अशा बोल्टला सवयीने उलट फिरवणारा माणूस तो सोडवत नसतो, आवळत असतो. जोर लावण्याआधी धारेकडे एकदा पाहून घेणं त्यासाठी.

तेल कुठे पोचतं

गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा सगळेच मारतात, पण तो कुठे पोचायला हवा याचा विचार कमी होतो. बोल्टचे आटे शाफ्टच्या पोटात, एका बंद भोकात असतात. तेलाला आत जायला वाट एकच, डोक्याखालच्या वॉशरच्या कडेची केसाएवढी फट. वरून भरपूर फवारून पाच मिनिटांत पाना लावला, तर तेल फक्त बाहेरचा गंज ओला करतं.

तेल थोडं लावायचं, थांबायचं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने काही हलके ठोके द्यायचे, पुन्हा तेल लावायचं. ठोक्यांनी वॉशरखालचा गंज तडकतो आणि तेल आत सरकतं. ठोके हलकेच हवेत, कारण तेच ठोके शाफ्टमधून बेअरिंगवर जातात. मग यंत्र तसंच रात्रभर सोडायचं. खरं काम याच वेळात होतं.

तापवण्याचा सल्लाही मिळतो. धातू तापला की प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते, हे खरंच आहे. पण अडॅप्टरच्या थोडंच वर क्रँकशाफ्टभोवती रबरी ऑइल सील असतं. शाफ्टमधून चढलेली उष्णता ते जाळते, आणि मग तेल गळायला लागतं. शिवाय नुकतं फवारलेलं तेल पेट घेतं आणि जवळच पेट्रोलची टाकी असते. ज्योत लावायची वेळ आलीच तर ते काम गॅरेजवाल्याला करू द्यावं. घरी मी ते कधीही सुचवणार नाही.

शाफ्ट कशाने धरायचा

बोल्टवर जोर लावायचा तर पातं अडलं पाहिजे. ते अडवायची चांगली वस्तू म्हणजे लाकडाचा जाड तुकडा, साधारण ५ सेंटिमीटर जाड आणि १० रुंद. तो पात्याचं टोक आणि यंत्राच्या पत्र्याची आतली भिंत यांच्यात, धारेच्या पुढे येईल असा अडकवायचा आणि जमल्यास क्लॅम्पने पत्र्याशी आवळायचा. धार लाकडात रुतते, रुतू द्यावी. हातात जाड हातमोजे हवेत, आणि पाना निसटला तर हात कुठे जाऊन आपटेल हे जोर लावण्याआधीच पाहून ठेवायला हवं. तो धारेकडे जात असेल तर उभं राहण्याची जागा बदलावी.

वरच्या फ्लायव्हीलच्या पंखांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून शाफ्ट अडवायची युक्ती अनेकजण करतात. ती करू नये. ते पंख ॲल्युमिनियमचे असतात, तुटतात. त्याहून वाईट म्हणजे पान्याचा सगळा जोर मग फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्यामधल्या छोट्याशा चावीवर येतो. ती चावी बऱ्याच इंजिनांत मुद्दाम मऊ धातूची असते. ती जरा जरी कातरली तरी चुंबक कॉइलसमोर चुकीच्या वेळी येतो आणि इंजिन सुरूच होत नाही, किंवा दोरीला उलटा हिसका देतं.

पाना सहा कोनांच्या सॉकेटचा हवा. बारा कोनांचं सॉकेट बोल्टला फक्त कोपऱ्यांवर पकडतं आणि जाम बोल्टचे कोपरे गोल करून टाकतं. अमेरिकी यंत्रांवर बोल्टचं डोकं बहुधा ५/८ इंचाचं, म्हणजे १५.८७ मिलिमीटरचं असतं. १६ मिलिमीटरचं सॉकेट त्यावर जवळपास बसतं, १७ चं अजिबात नाही. जपानी बनावटीच्या काही यंत्रांत मधल्या एका बोल्टऐवजी १४ मिलिमीटर डोक्याचे दोन बोल्ट असतात. बोल्टला नवं-जुनं कोणतंही सॉकेट लावण्याआधी ते किंचितही डुलत नाही ना, हे हाताने पाहावं.

राहता राहिला दांडा. ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर १७ किलोचा भार टाकला की ५० न्यूटन-मीटर होतात. तोच भार ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर टाकला की १०० होतात. म्हणून आधी लांब दांडा घ्यावा, आणि तो झटक्याने न ओढता स्थिर, वाढत्या जोराने दाबावा. सुटणारा बोल्ट सहसा कडक आवाज करतो, ‘टक्’ असा, आणि मग कुरकुरत फिरतो. आवाज न करता रबरासारखा मऊपणे वळत गेला, तर तो सुटत नसून पिळवटतो आहे आणि पुढे तुटणार आहे. असं जाणवताच थांबावं, पुन्हा तेल द्यावं, पाव फेरा आवळण्याच्या दिशेने आणि पाव फेरा सोडण्याच्या दिशेने असं पुढे-मागे करत राहावं. गंजाचा चुरा त्यामुळे आट्यांतून बाहेर पडतो.

फिरतो पण बाहेर येत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांच्या यंत्राचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे, कारण त्यात या रचनेच्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. २१ इंची पात्याचं, लोखंडी पत्र्याचं जुनं यंत्र. आवारातल्या मेपलच्या वर आलेल्या मुळावर पातं जोरात आपटलं होतं, त्यानंतर इंजिन थरथरत होतं आणि पातं काढायला गेलं तर बोल्ट हलत नव्हता.

वायर काढून बांधली होती, प्लगही काढला होता, तेल रात्रभर मुरलं होतं. ठोकळा अडकवून लांब दांड्यावर जोर लावल्यावर बोल्ट अखेर फिरला. काका खूश झाले. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर म्हणाले, “अरे, हा फिरतोय, पण बाहेर येत नाहीये.” डोकं आणि पातं यांच्यातलं अंतर खरोखरच जराही वाढलेलं नव्हतं. आणि प्रत्येक फेऱ्याला प्लगच्या रिकाम्या भोकातून हवा ‘फस्’ करून बाहेर पडत होती.

त्या आवाजातच उत्तर होतं. पातं ठोकळ्याला टेकून जागच्या जागी होतं, तरी पिस्टन वरखाली होत होता. म्हणजे पातं आणि शाफ्ट यांचा संबंध तुटला होता. अडॅप्टर शाफ्टवर फिरू नये म्हणून त्यांच्यामध्येही एक छोटी चावी असते. मुळावरच्या धक्क्यात ती कातरली गेली होती. आता बोल्ट शाफ्टच्या आट्यांत जाम होता आणि शाफ्ट अडॅप्टरच्या आत मोकळा फिरत होता. पातं कितीही घट्ट अडवलं तरी शाफ्ट अडत नव्हता, आणि शाफ्ट अडल्याशिवाय बोल्ट सुटणार नव्हता. प्लग जागेवर असता तर हवेच्या दाबात हे इतकं स्पष्ट ऐकू आलं नसतं. वायर लावलेली असती, तर आम्ही नकळत दांड्याने इंजिन फिरवत होतो.

अशा वेळी शाफ्ट आतून धरायची एक जुनी युक्ती आहे. पिस्टन दाब देत वर येत असताना, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी सिलिंडरमध्ये भरायची आणि पिस्टनला त्या दोरीवर टेकू द्यायचं. पण जुन्या धाटणीच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारीच असतात, दोरी त्यांच्याखाली अडकू शकते. म्हणून आम्ही ते टाळलं आणि बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट पाना आणला. हा पाना सलग पिळत नाही, एका सेकंदात अनेक छोटे ठोके देतो. प्रत्येक ठोका इतका क्षणिक असतो, की फ्लायव्हीलचं वजनच शाफ्टला तेवढ्या वेळेपुरतं जागेवर धरून ठेवतं. त्यावर ठोके सोसणारं काळं, जाड सॉकेट लावलं आणि दोन-तीन सेकंदांचे हप्ते दिले. मधे थांबून तेल दिलं. थोड्या वेळाने डोकं पात्यापासून वर यायला लागलं.

बाहेर आलेल्या बोल्टने सगळी हकिगत सांगितली. आट्यांच्या पहिल्या काही वेढ्यांत तांबूस भुकटी घट्ट बसली होती, आणि मूळचा वाटीसारखा फुगीर वॉशर पत्र्यासारखा सपाट झाला होता. तो वॉशर स्प्रिंगचं काम करतो, बोल्टवरचा ताण टिकवतो. सपाट झाला की ते काम संपलं. अडॅप्टर ओढून काढल्यावर आतली चावी मधोमध दोन तुकड्यांत मिळाली.

डोकंच गेलं तर

कोपरे आधीच गोल झालेले असतील तर आतून चक्राकार धारा असलेलं खास सॉकेट मिळतं, ते डोक्यात रुतून पकड घेतं. तेही जमलं नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे ग्राइंडरने डोकं कापून टाकणं. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात एक गंमत आहे. बोल्ट जाम असतो तो अर्धा गंजाने आणि अर्धा ताणाने. डोकं गेलं की ताण एका क्षणात संपतो, पातं आणि अडॅप्टर बाहेर निघतात आणि शाफ्टमधून बाहेर डोकावणारा उरलेला बोल्ट अनेकदा पक्कड आवळून फिरवता येतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, म्हणून पेट्रोल तिथून लांब नेलेलंच हवं.

बोल्ट शाफ्टच्या पातळीला तुटला, तर मात्र घरचं काम संपलं. मधोमध भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालता येतो, पण भोक जरा कडेला गेलं तर शाफ्टचे आटे खराब होतात, आणि एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो इतका कडक असतो, की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. लेथवाल्याकडे जाणं इथे स्वस्त पडतं.

पुन्हा बसवताना

पातं निघालं की लगेच नवं बसवायचा मोह होतो. ज्या यंत्राने मोठा धक्का खाल्ला आहे, त्यात आधी क्रँकशाफ्ट वाकला नाही ना हे पाहावं. अडॅप्टर आणि सरळ, नवं पातं तात्पुरतं बसवायचं, पत्र्याच्या कडेला एक काडी अशी चिकटवायची की तिचं टोक पात्याच्या टोकाला जेमतेम स्पर्श करेल, आणि पातं हाताने हळू अर्धा फेरा फिरवायचं. दुसरं टोक त्याच उंचीवरून गेलं तर शाफ्ट सरळ आहे. वरखाली फरक दिसला तर पातं शाफ्टवर १८० अंश फिरवून पुन्हा बसवून पाहायचं. फरक पात्याच्या टोकाबरोबर गेला तर पातं वाकलं आहे, जागच्या जागी राहिला तर शाफ्ट. वाकलेला क्रँकशाफ्ट ठोकून सरळ करू नये, तो नंतर कधीही तुटू शकतो. काकांचा शाफ्ट सरळ निघाला, पातं मात्र एका बाजूला खाली झुकलेलं होतं. थरथर त्याचीच होती. फ्लायव्हीलची चावीही आम्ही तपासली, कारण एकाच धक्क्याचे दोन बळी असू शकतात. ती शाबूत होती.

नवीन अडॅप्टर, नवीन चावी, नवीन बोल्ट आणि नवीन फुगीर वॉशर घ्यावा. पात्याची वर वळलेली टोकं पत्र्याच्या पोटाकडे राहिली पाहिजेत, तीच हवा ओढून गवत उभं करतात. शाफ्टच्या भोकातले आटे ब्रशने साफ करून कोरडे करावेत. गंजू नये म्हणून बोल्टला घट्ट ग्रीस लावायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रीस लावलेल्या आट्यांत घर्षण कमी होतं, त्यामुळे टॉर्क पान्यावर तोच आकडा दिसला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीस लावलं तर तो थोडा कमी धरावा, किंवा आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस न लावता फक्त अडॅप्टरच्या आत पातळ थर द्यावा. आवळणं टॉर्क पान्यानेच करावं. इम्पॅक्ट पाना सोडवायला चांगला आहे, पण आवळायला तो वापरला तर पुढच्या जाम बोल्टची तयारी आपणच करून ठेवतो.

बोल्ट पुन्हा जाम होऊ नये यासाठी सगळ्यात उपयोगी सवय साधी आहे. इंजिन बनवणारे साधारण दर २५ तासांच्या कामानंतर पात्याची धार पाहायला सांगतात. घरच्या आवारासाठी तो हिशोब जवळजवळ एका हंगामाचा होतो. हिवाळ्यात यंत्र ठेवून देण्याआधी वायर काढून, बोल्ट एकदा पूर्ण उघडून, पुसून, पुन्हा योग्य टॉर्कने बसवला, तर आट्यांतल्या गंजाला एका हंगामापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. आणि मुळावर पातं आपटलं तर हंगाम संपायची वाट न पाहता त्याच दिवशी तो उघडून पाहावा, कारण आवळला गेलेला बोल्ट गंजण्याआधी सोडवणं सोपं असतं.